हुआरेसचं घड्याळ

७ नोव्हेंबर २०२२, सोमवार. पुण्यात संध्याकाळचे सात वाजत आले होते. मी लॅपटॉप मिटणार एवढ्यात मेक्सिकोतल्या सिउदाद हुआरेसहून कारखान्याच्या हजेरी विभागाचा निरोप आला. सकाळच्या पाळीचे सगळे कामगार पाच वाजायच्या आत आल्याचं पडद्यावर दिसतंय, हे कसं?

मोटारींना लागणारे वायरिंग हारनेस तयार करणारा तो कारखाना. त्यांचं हजेरीचं आणि पाळ्यांचं सॉफ्टवेअर आमचा गट पुण्यातून सांभाळत होता. फाटकावरचं यंत्र प्रत्येक पंचची वेळ यूटीसीत पाठवायचं आणि आमचा प्रोग्रॅम तिचं स्थानिक वेळेत रूपांतर करायचा. पहिली पाळी सकाळी सहाची. माणसं पावणेसहाच्या सुमाराला आत येतात. त्या दिवशी ती पावणेपाचला आल्याचं दिसत होतं. म्हणजे प्रत्येकाच्या नावावर एक तासाचा ओव्हरटाइम, आणि मेक्सिकोत कायद्याने ओव्हरटाइमला दुप्पट पगार द्यावा लागतो. पाळी सुटायच्या वेळेला याच्या उलट झालं असतं. सगळे एक तास आधीच घरी गेल्याची नोंद झाली असती आणि त्याची कपात लागली असती. तीच माणसं लवकर आलेली आणि तीच लवकर पळालेली. असं दिसलं की समजावं, माणसांचं काही चुकलेलं नाही, रूपांतर चुकलंय.

आमच्या टेबलात प्रत्येक कारखान्यासाठी `utc_offset` नावाचा एक रकाना होता. हुआरेससमोर `-07:00` लिहिलेलं होतं, म्हणजे यूटीसीच्या सात तास मागे. शेजारी एक खूण होती, की अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात तेव्हा इथेही करायची. नदीच्या पलीकडे टेक्ससमधलं एल पासो आहे. रोज हजारो माणसं पूल ओलांडून इकडून तिकडे कामाला, शाळेला जातात. त्यामुळे २०१० पासून हुआरेसचं घड्याळ एल पासोच्या घड्याळाबरोबर चालत होतं आणि आमच्या दोन रकान्यांचं बरं चाललं होतं.

मग मेक्सिकोने कायदा बदलला. २८ ऑक्टोबर २०२२ ला तो राजपत्रात आला आणि ३० ऑक्टोबरला लागू झाला. अमेरिकेच्या सीमेलगतचा काही भाग सोडून बाकी देशात उन्हाळी वेळ बंद झाली. चिवावा राज्य मात्र, त्यात हुआरेसही आलं, बारा महिने यूटीसी उणे सहावर नेलं गेलं. ३० तारखेला हुआरेसमध्ये कुणाला काहीच जाणवलं नाही, कारण उन्हाळी वेळेमुळे तिथे त्या दिवशी उणे सहाच चालू होतं. फरक पडला ६ नोव्हेंबरला. त्या दिवशी एल पासोची घड्याळं तासभर मागे गेली आणि हुआरेसची गेली नाहीत. आमचा प्रोग्रॅम अमेरिकेच्या नियमाने मागे गेला.

माझा पहिला उपाय अगदी सरळ होता. मी `-07:00` खोडून `-06:00` केलं आणि खूण काढून टाकली. पाच मिनिटांत पडदा नीट झाला आणि मी घरी गेले.

चार दिवसांनी पगार विभागाने जानेवारीचा अहवाल पुन्हा मागवला, कशाची तरी तपासणी चालू होती. त्यात संपूर्ण पाळी रोज पाऊण तास उशिरा आलेली दिसली. जानेवारीत पावणेसहाला आलेल्या माणसाची यूटीसी नोंद १२:४५ होती, तेव्हाच्या उणे सातने ती ५:४५ व्हायची. मी रकान्यात उणे सहा टाकल्यावर ती ६:४५ झाली. मार्चच्या मध्यापासून पुढच्या, उन्हाळी वेळेतल्या नोंदी तेवढ्या बरोबर होत्या, कारण तेव्हा खरोखरच उणे सहा होतं. म्हणूनच चार दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. नोव्हेंबर दुरुस्त करताना मी जानेवारी बिघडवला होता.

आमच्या गटात दीड वर्षापूर्वी लागलेली एक मुलगी होती. ती म्हणाली, "मॅडम, आपण ऑफसेट साठवतोय. ते एका दिवसाचं उत्तर आहे. उद्या कायदा बदलला की उत्तर बदलणार, पण कालचं उत्तर कालच्यासाठी तेच राहायला हवं ना?"

तिचं बरोबर होतं. आम्हाला एक आकडा नको होता. हुआरेसमध्ये कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत घड्याळ कसं चाललं, याची अख्खी यादी हवी होती. आणि अशी यादी जगातल्या सगळ्या भागांसाठी तयार असते, आपल्या फोनमध्ये आणि प्रत्येक लिनक्स सर्व्हरवर ती बसलेली असते. तिचं नाव टीझेड डेटाबेस. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात तिची सुरुवात केली, आज पॉल एगर्ट तिचं संपादन करतात, आणि २०११ पासून आयाना ही संस्था ती वितरित करते. त्या मुलीने मला हुआरेसच्या नोंदीच्या शेवटच्या ओळी दाखवल्या. आज त्या अशा आहेत:

```
-7:00  Mexico  M%sT  2010
-7:00  US      M%sT  2022 Oct 30 2:00
-6:00  -       CST   2022 Nov 30 0:00
-7:00  US      M%sT
```

प्रत्येक ओळ म्हणजे एक कालखंड. पहिला आकडा मूळ ऑफसेटचा. दुसऱ्या रकान्यात उन्हाळी वेळ कुणाच्या नियमाने पाळायची ते आहे, मेक्सिकोच्या, अमेरिकेच्या की कुणाच्याच नाही. तिसऱ्यात संक्षिप्त नाव. चौथ्यात हा कालखंड कधी संपला ते. शेवटच्या ओळीला अंत नाही, तो नियम आज चालू आहे. प्रोग्रॅमला `America/Ciudad_Juarez` हे नाव आणि एक क्षण दिला, की तो क्षण कुठल्या ओळीत पडतो ते पाहून तो ऑफसेट काढतो. जानेवारी २०२२ चा क्षण दुसऱ्या ओळीत पडतो, उणे सात. ७ नोव्हेंबरचा तिसऱ्या ओळीत, उणे सहा. नवा कायदा आला की शेवटच्या ओळीला अंताची तारीख मिळते आणि तिच्याखाली एक ओळ वाढते, त्याआधीच्या ओळी तशाच राहतात. माझ्या `-06:00` मध्ये नेमकं हेच नव्हतं.

या ओळी वाचताना मला नावाचंही कारण कळलं. हे शहर कधी मध्यवर्ती वेळेत, कधी पर्वतीय वेळेत, असं इकडून तिकडे सरकलं आहे. त्याची नोंद "उणे सात" किंवा "पर्वतीय वेळ" या नावाखाली ठेवली असती, तर ३० ऑक्टोबरला ते नावच खोटं ठरलं असतं. शहर मात्र जागचं हललेलं नाही. तिथल्या घड्याळाचं काहीही होवो, हुआरेस हे हुआरेसच. देशाचं नाव द्यावं तर एका देशात अनेक वेळा असतात आणि देशांच्या सीमा, नावंही बदलतात. म्हणून आधी खंड किंवा महासागर आणि मग त्या भागातलं एक ओळखीचं, बहुधा सर्वांत मोठं शहर, अशी पद्धत आहे.

भाग केवढा धरायचा याचाही नियम आहे. १ जानेवारी १९७० पासून जिथली घड्याळं सतत एकमेकांशी जुळत आली आहेत, तो सगळा एक भाग. पुण्यात बसून मी फोनच्या सेटिंगमध्ये `Asia/Kolkata` वाचायचे आणि मनात यायचं, मुंबई का नाही? माझे आजोबा गिरगावात राहायचे. त्यांच्या तरुणपणी कुणी वेळ ठरवली की आधी विचारायचं, "कुठला टाइम, मुंबई की स्टँडर्ड?" भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली तरी मुंबईने आपली ३९ मिनिटं मागे असलेली वेळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं सोडली नव्हती. पण १९७० च्या आधीच तो फरक मिटला होता. म्हणून मुंबईला वेगळी नोंद नाही आणि साऱ्या भारताला एकच नाव पुरतं. पूर्वी ते `Asia/Calcutta` होतं, २००८ मध्ये बदललं. जुनं नाव आजही नव्याकडे बोट दाखवत जिवंत आहे, त्यामुळे जुने प्रोग्रॅम मोडले नाहीत.

तर नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही `utc_offset` चा रकाना बाजूला सारून `tz_name` चा रकाना घातला. आमचा चिवावा शहरातला दुसरा कारखाना होता, त्याला `America/Chihuahua` दिलं. हुआरेस तेव्हा `America/Ojinaga` या नोंदीत मोडत होतं, ओहिनागा हे त्याच राज्यातलं सीमेवरचं दुसरं गाव, म्हणून तेच नाव हुआरेसला दिलं. जानेवारीचा अहवाल पुन्हा काढला. माणसं पावणेसहाला आली होती. नोव्हेंबरचाही काढला, तोही बरोबर.

पण चिवावाच्या कारखान्याचं डिसेंबरचं पाळ्यांचं वेळापत्रक उघडलं तर पहिली पाळी सहाऐवजी सातला सुरू होत होती. नाव बरोबर, यादी ताजी, तरी उत्तर चूक. शोधता शोधता रात्रीचे दहा वाजले. ते वेळापत्रक ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तयार झालं होतं. प्रोग्रॅमने तेव्हाच ५ डिसेंबरच्या सकाळच्या सहाचं यूटीसीत रूपांतर करून ठेवलं होतं. तेव्हाच्या कायद्याने डिसेंबरात उणे सात असणार होतं, म्हणून साठवलं गेलं १३:००. कायदा बदलला आणि डिसेंबरात उणे सहा झालं. नव्या यादीने १३:०० चे सकाळचे सात केले, आणि तिच्या बाजूने ते अगदी बरोबर होतं. आम्हीच महिनाभर आधी उत्तर काढून गोठवलं होतं.

कारखान्याने ठरवलेलं काय होतं? "चिवावात सकाळी सहाला". यूटीसीत दुपारी एक वाजता असं कुणी ठरवलेलं नव्हतं. म्हणून तेव्हापासून आम्ही भविष्यातली प्रत्येक पाळी `2022-12-05 06:00` आणि `America/Chihuahua` अशा जोडीने ठेवतो, आणि यूटीसी लागेल तेव्हा त्या वेळी काढतो. घडून गेलेल्या पंचचं उलट आहे. तो क्षण होऊन गेला, कुठलाही कायदा त्याला हलवू शकत नाही, तो यूटीसीतच ठेवावा आणि दाखवताना नावाने रूपांतर करावं. हे दोन प्रकार वेगळे आहेत हे मला कामाला लागून सतरा वर्षं झाल्यावर कळलं, त्याची खंत वाटते.

हे सारं उरकलं तोवर महिना संपत आला होता आणि हुआरेसमधली कुरबूर वाढली होती. घर एका बाजूला, शाळा पलीकडे, मध्ये पूल आणि दोन्ही टोकांच्या घड्याळांत तासाचा फरक. सरकारने माघार घेतली. ३० नोव्हेंबरच्या मध्यरात्रीपासून राज्याच्या उत्तर टोकावरच्या पट्टीने शेजारच्या अमेरिकी गावांची वेळ पाळायची असं ठरलं. पण त्या पट्टीच्या दोन भागांचे शेजारी वेगळे. हुआरेस एल पासोबरोबर पुन्हा उणे सातवर गेलं. ओहिनागासमोर टेक्ससचं प्रेसिडियो आहे, तिथे अमेरिकेची मध्यवर्ती वेळ चालते, म्हणून ओहिनागा उणे सहावर राहिलं आणि पुढच्या वर्षीपासून अमेरिकेची उन्हाळी वेळ पाळू लागलं. चिवावा शहर बारा महिने उणे सहावर. एका राज्यात वेळेच्या तीन वेगळ्या पद्धती झाल्या, आणि हुआरेस व ओहिनागा १९७० पासून जुळत असल्याचा नियम त्या रात्री मोडला. डेटाबेसची 2022g ही आवृत्ती २९ नोव्हेंबरला, म्हणजे बदलाच्या आदल्या दिवशी आली, आणि तिच्यात `America/Ciudad_Juarez` हे नवं नाव होतं.

या पद्धतीची मर्यादा इथे आहे आणि ती नीट समजून घ्यायला हवी. नियम बदलला की नाव आपोआप निभावून नेतं. भाग दुभंगला की नाही. आमच्या टेबलात हुआरेससमोर `America/Ojinaga` होतं. यादी ताजी केली असती तरी ते ओहिनागाच्याच वाटेने गेलं असतं, हुआरेसच्या नाही. आपला कारखाना दुभंगलेल्या भागाच्या कुठल्या तुकड्यात आहे हे कुठल्याही यादीला माहीत नसतं, ते कारखान्याचा पत्ता पाहून माणसानेच बदलावं लागतं. सुदैवाने पत्ता आमच्याकडे होता.

३० तारखेला सकाळी आम्ही नवं नाव टाकलं आणि सर्व्हरने लगेच नकार दिला:

```
ZoneInfoNotFoundError: 'No time zone found with key America/Ciudad_Juarez'
```

सर्व्हरवरची यादी जुनी होती. आदल्या दिवशी निघालेली आवृत्ती अजून कुणी आम्हाला पाठवली नव्हती. मी तरी या चुकीबद्दल कृतज्ञ आहे. ती मोठ्याने ओरडते. खोटा तास गुपचूप दाखवत नाही.

तोवर तात्पुरतं `America/Denver` टाकू, असं गटात कुणीतरी सुचवलं. एल पासोची वेळ त्याच नोंदीत येते, त्यामुळे त्या दिवसापासून पुढे ते बरोबरच दिसलं असतं. पण डेन्व्हरच्या यादीत हुआरेसचे ते नोव्हेंबरातले उणे सहाचे दिवस नाहीत. ६ ते २९ नोव्हेंबरचे सगळे पंच पुन्हा एक तास मागे गेले असते, आणि पंधरवड्याचा पगार व्हायचा होता. माझ्या पहिल्या दिवशीच्या दुरुस्तीचीच ती दुसरी आवृत्ती. आज जुळतंय एवढ्यावर दुसऱ्याचं नाव उसनं घेऊ नये. आम्ही आयानाच्या संकेतस्थळावरून 2022g उतरवून घेतली, सर्व्हरवर `zic` ने ती बसवली, आणि चालू करण्याआधी बदलाचे क्षण डोळ्यांनी तपासले:

```
zdump -v -c 2022,2024 America/Ciudad_Juarez
```

ही आज्ञा घड्याळ जिथे जिथे सरकतं त्या प्रत्येक क्षणाच्या आधीचा एक सेकंद आणि तो क्षण छापते. ३० नोव्हेंबरची जोडी सापडली, आधी उणे सहा, नंतर उणे सात. मग १२ मार्च २०२३ ची उन्हाळी वेळेची जोडीही दिसली. त्यानंतर प्रोग्रॅम चालू केला. दुपारी लक्षात आलं, की आमच्या अहवालांचा भाग जावात आहे आणि जावा आपली स्वतःची वेगळी यादी बाळगते. ती वेगळी ताजी करावी लागली. पोस्टग्रेस्क्यूएलचीही स्वतःची असू शकते. एका यंत्रावर यादीच्या तीन प्रती तीन वयांच्या असू शकतात, आणि एकाच कामगाराची वेळ पडद्यावर एक आणि पीडीएफमध्ये दुसरी दिसू लागली की समजावं, यातली एखादी प्रत शिळी आहे.

आता दर नव्या आवृत्तीच्या सूचना आमच्याकडे ईमेलने येतात आणि त्यांत आमच्या कारखान्यांची शहरं आहेत का, हे ती मुलगी पाहते. ती आता त्या गटाची प्रमुख आहे. तुमच्याकडे हुआरेसमधल्या कुठल्याही गोष्टीसमोर अजून `America/Ojinaga` लिहिलेलं असेल, तर ते आजच `America/Ciudad_Juarez` करा. ओहिनागाची वेळ हुआरेसच्या एक तास पुढे आहे.